दहा नंबरचा टेपर

शाळा मी आठवीत सोडली, पण अपूर्णांकांनी मला सहावीतच सोडलं होतं. त्यामुळं नळदुर्गजवळच्या त्या वर्कशॉपात मालक पहिल्याच दिवशी म्हणाले, "सव्वा इंचाचा बार आन बघू," तेव्हा मी तीन वेगवेगळे बार घेऊन आलो आणि त्यांच्यापुढं धरून उभा राहिलो. त्यांनी त्यातला एक उचलला आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"पावणं, गाव कोणतं म्हनलात?"

"भंडारा, जी."

"तिकडं इंच नसतो का?"

"मिलिमीटर असते, जी."

"बरं," ते म्हणाले. बस्स, एवढंच. पण मला रात्रभर त्या 'बरं'चा अर्थ लागेना.

मी तसाच आहे. कुणी 'बरं' म्हटलं की मला घाम येतो. नागपूरच्या कारखान्यात मी काही वर्षं लेथवर काढली, तो बंद पडला. मग ट्रकवर असलेल्या चुलतभावानं सोलापूर-हैदराबाद हायवेवरच्या ह्या वर्कशॉपात आणून सोडलं. सोडताना त्यानं मालकांना सांगितलं होतं, "पोरगं कामाचं आहे, फक्त घाबरते लय." मालकांनी मला मोठ्या लेथसाठी ठेवून घेतलं. अडचण एवढीच होती की मोठी लेथ अजून चालत नव्हती.

लहान लेथ होती. तिच्यावर मालक स्वतः ट्रकवाल्यांची कामं करायचे, ब्रेक ड्रम, पिना, बुश. मोठी लेथ मालकांनी सोलापुरातल्या एका बंद पडलेल्या गिरणीतून वजनावर आणली होती. कुठल्या देशाची, कुठल्या काळातली, काही कळायला मार्ग नव्हता. कंपनीची पाटीच कुणीतरी काढून नेलेली. काळी, बैठी आणि भक्कम. चार माणसं तिच्यावर झोपली असती. वहिनी, म्हणजे मालकांच्या घरच्या, तिला 'म्हैस' म्हणायच्या. "म्हस दूध कधी देनार?" हे त्या रोज सकाळी चहा देताना विचारायच्या. मालकांना विचारायच्या, पण मला वाटायचं मलाच विचारतात.

म्हशीची अडचण अशी. लेथवर लांब काम, म्हणजे कापायचा तुकडा, धरायचं तर त्याचं एक टोक डाव्या बाजूच्या चकात, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, पकडतात आणि दुसऱ्या टोकाला उजवीकडून टेलस्टॉकचा आधार देतात. टेलस्टॉक म्हणजे रुळावर मागं-पुढं सरकणारा ठोकळा. त्यातून एक जाड नळी बाहेर येते, तिला आम्ही बॅरल म्हणतो, आणि त्या बॅरलच्या भोकात सेंटर बसतो. सेंटर म्हणजे पुढं टोक असलेला लोखंडी खुंटा. ते टोक कामाच्या भोकात रुतलं की काम हलत नाही. हा खुंटा स्क्रूसारखा आट्यानं फिरवून बसत नाही. खुंटाही गाजरासारखा निमुळता आणि भोकही तसंच, तोंडाशी रुंद आणि आत बारीक. ह्या निमुळतेपणाला टेपर म्हणतात. दोघांचा टेपर जुळला की तळहातानं एक थाप दिली तरी खुंटा असा बसतो की जणू जन्मापासून तिथंच होता.

आमच्या म्हशीचा सेंटर गिरणीतच कुठंतरी हरवला होता. भोक होतं, खुंटा नव्हता.

अशात एक रसवंतीवाले मामा आले. तुळजापूरच्या रस्त्याला त्यांची रसवंती. उसाच्या चरकाचा मोठा रोलर त्यांनी रिक्षातून आणला होता. त्यावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, ऊस आत जायच्याऐवजी वरच नाचायचा. रोलर लहान लेथवर मावत नव्हता, म्हशीवर मावत होता.

"पाडव्याला रसवंती उघडायचीय," मामा म्हणाले. "पैला गिलास देवीला, दुसरा तुमाला."

"पाडव्याला रोलर तयार," मालक म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "आयकलं का पावणं? पाडव्यापत्तुर म्हस चालली तर तुमी हितं. न्हाय चालली तर भंगारवाला म्हशीला घिऊन जाईल, आन मंग हितं दोन टर्नर ठिऊन काय करू? लहान लेथवर दोघं कसं मावायचं?"

ते हसतच म्हणाले होते. पण मला हसणं आणि खरं वेगळं करता येत नाही. मी त्या दिवशी घरी फोन केला आणि आईला सांगितलं, सगळं ठीक आहे. आई म्हणाली, "मग आवाज असा काहून?"

वहिनी मात्र माझ्याशी फार चांगलं वागायच्या. मला भाताशिवाय जेवण गोड लागत नाही, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. घरात सगळे ज्वारीची भाकरी खाणारे, पण माझ्यासाठी त्या वेगळा तांदूळ आणायच्या, किलो-दोन किलो. दुकानातून येताना ती लहानशी पिशवी बघितली की मला आनंद व्हायचा आणि लगेच भीतीही वाटायची. पोतं का आणत नाहीत? म्हणजे मला किती दिवस धरलंय?

मी म्हशीचं तोंड रॉकेलनं धुतलं. बॅरलच्या तोंडाशी, काजळीखाली, एक आकडा ठोकलेला निघाला. १०.

"मालक, दहा आहे जी."

मालक, मी आणि मामा, तिघं वाकून बघू लागलो.

"दहा म्हंजी दहावी मशीन असंल," मालक म्हणाले.

"वजन असंल," मामा म्हणाले.

"मामा, तुमच्या रोलरचंच वजन किती हाय? ही म्हस हाय."

मला माहीत होतं की टेपरला नंबर असतो. नागपूरला सगळे मोर्स टेपर होते. दोन नंबर, तीन नंबर, चार नंबर. म्हणून मी म्हटलं, दहा नंबरचा मोर्स असेल. मालकांनी लगेच सोलापूरच्या हत्यारांच्या दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस आधी हसला, मग म्हणाला, "सातच्या पुढं मोर्स नसतो. दहा नंबरचा मोर्स पायजेल तर हत्तीला लेथवर धरायला लागंल."

फोन ठेवून मालक म्हणाले, "आता मोजा."

मालकांनी त्यांची जुनी पट्टी भोकाच्या तोंडावर आडवी धरली. मालकांचं सगळं मोजमाप सुतात चालायचं. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत. बार, बोल्ट, पाना, सगळं त्यांना सुतात कळायचं. घराच्या पडद्याचा रॉडसुद्धा ते "सहा सुताचा" म्हणायचे. त्यांनी डोळा बारीक केला आणि म्हणाले, "दहा सूत भरतंय."

मी व्हर्नियर लावला. "एकतीस पॉइंट सात मिलिमीटर, जी."

"तेच की. दहा सूत."

"पण मोर्सच्या तक्त्यात असं काही नाही, जी." मी मोबाईलवर तक्ता काढला. चार नंबरच्या मोर्सचं तोंड एकतीस पॉइंट सव्वीस. पाच नंबरचं चव्वेचाळीसच्या पुढं. "चारच असेल. अर्धा मिलिमीटर झिजलं असेल."

"झिजलं असंल," मालक म्हणाले.

"झिजतंय," मामा म्हणाले. "माजा रोलर बघा की."

अशा रीतीनं दहा नंबर ठोकलेला, दहा सूत भरणारा टेपर आम्ही तिघांनी मिळून चार नंबरचा ठरवला.

सेंटर दुसऱ्या दिवशी सोलापूरहून आलेल्या एका ट्रकवाल्यानं आणून दिला. नवा, चकचकीत. मी तो बॅरलमध्ये घातला, तर तो गेला तो गेलाच. जवळजवळ बोटाच्या जाडीएवढा जास्त आत बसला.

"आत जास्त चाललाय, जी."

"लाजाळू असंल," मालक म्हणाले. "बसू द्या."

रोलर धरला, म्हैस चालू केली. सुरुवातीला छान चाललं. मग पात्याचा दाब पडला आणि रोलर थरथरायला लागला. कडकडकडकड. मामांनी कानावर हात ठेवले. वहिनी चहाची किटली घेऊन दारात आल्या आणि तशाच परत गेल्या. मी मशीन बंद केली तेव्हा रोलरवर खाचांऐवजी बारीक बारीक लाटा उमटल्या होत्या, वाळत घातलेल्या पापडासारख्या.

"ह्यातनं रस निगंल का?" मामांनी विचारलं.

"ह्यातनं शेवया निगतील," मालक म्हणाले.

पुढचा उद्योग सेंटर काढायचा. टेलस्टॉकचं चाक उलटं फिरवून बॅरल पूर्ण मागं घेतलं की आतला स्क्रू खुंट्याच्या मागच्या टोकाला ढकलतो आणि सेंटर आपोआप सुटून हातात येतो, अशी सोय असते. मी चाक फिरवलं. शेवटपर्यंत फिरवलं. सेंटर जागचा हलला नाही. खुंटा इतका आखूड होता की स्क्रू त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

मालकांनी फिरवलं. मामांनी फिरवलं. मामा म्हणाले, "आमच्याकडं चरकात ऊस अडकला की उलटं फिरवतात." मालक म्हणाले, "मामा, आत्ता उलटंच फिरवलं."

शेवटी बॅरलच आख्खं काढलं आणि मागून पितळी सळई घालून ठोकून सेंटर बाहेर काढला. तेवढ्यात दुपार गेली. पाडवा काही लांब नव्हता. मी मनात भंडाऱ्याच्या गाडीची वेळ आठवायला लागलो.

मालकांना एक गोष्ट त्यांच्या उस्तादानं शिकवली होती. दोन भाग नीट बसतात का हे बघायचं तर मोठ्या कारखान्यात निळा रंग वापरतात. मालकांकडं तो नसायचा. ते शेंदूर वापरायचे, तेलात कालवून, अगदी पातळ. वहिनींच्या देवघरातला, तुळजापूरहून आणलेला. वहिनी देताना दर वेळी म्हणायच्या, "द्येवाचा हाय, जपून." आणि मालक दर वेळी म्हणायचे, "आमचंबी द्येवाचंच काम हाय."

मी सेंटरच्या खुंट्याला शेंदूर फासला, भोकात घातला, हातानं जरा पिरगाळला आणि काढला. सगळ्या अंगावर शेंदूर तसाच होता. फक्त जाड टोकाशी, तोंडाजवळ, अंगठीएवढी एक पट्टी पुसली गेली होती. म्हणजे खुंटा फक्त तिथंच टेकत होता. मागचा सगळा भाग भोकात मोकळा लटकत होता. म्हणून दाब पडला की डुलत होता.

"म्हंजी निमुळतेपन वायलं हाय," मालक म्हणाले. "हे झिजल्यालं न्हाय. ह्ये दुसरंच हाय."

"मग काय आहे, जी?"

"बरं," ते म्हणाले, आणि मला परत घाम आला.

मी तो शेंदरी सेंटर दाराजवळच्या कोनाड्यात उभा करून ठेवला, टोक वर करून. मालकांना वाळल्यावर पट्टी परत बघायची होती. चहा प्यायला आम्ही मागं गेलो. परत आलो तर एक ट्रक ड्रायव्हर चपला काढून कोनाड्यापुढं हात जोडून उभा होता. त्याचा ब्रेक ड्रम कामाला आलेला. त्यानं डोळे उघडले, कपाळाला हात लावला आणि विचारलं, "उस्ताद, ह्यो कुठला द्येव?"

मालक काही सांगणार तेवढ्यात त्यानं कोनाड्यात झेंडूचं फूल ठेवलं. मालक माझ्याजवळ सरकले. मग माझ्या कानात म्हणाले, "आता सांगून त्येचं मन कशाला मोडायचं?"

संध्याकाळपर्यंत कोनाड्यात एक नारळ आला होता. तो कुणी आणला ते कळलंच नाही.

मालकांना शेवटी एक माणूस आठवला. सोलापुरातले एक जुने मिस्त्री, पडीक लेथ घेऊन दुरुस्त करून विकणारे. गिरणीच्या लिलावात त्यांनी ह्याच म्हशीवर बोली लावली होती आणि मालकांकडून हरले होते. मालकांना त्यांना फोन करायचा नव्हता. वहिनी म्हणाल्या, "पोराचं काम जाईल का तुमची शान जाईल?" तेव्हा मालकांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, म्हणजे अपमान झाला तर सगळ्यांचा मिळून व्हावा.

पलीकडून जेवणाचा आवाज येत होता.

"बोला, म्हशीवाले."

"टेलस्टॉकचा टेपर कळंना झालाय."

"नंबर काय ठोकलाय?"

"दहा."

"तोंड सव्वा इंच. लांबी पाच इंच. बारीक टोक एक इंच," मिस्त्री म्हणाले आणि पाणी प्यायले.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मालकांनी फोनवर हात ठेवला. "बगितलं न्हाय, मोजलं न्हाय, तक्ता काडला न्हाय. तुळजापूरला देवळाबाहीर पोपटवाला बसतो, त्यो सुदीक आदी पत्ता काडतो."

"मिस्त्री," ते फोनमध्ये म्हणाले, "तुमाला कसं काय ठाऊक? लिलावात मोजलं व्हतं का?"

"मोजायचं काय त्यात? नंबर सांगितला की झालं. जार्नो टेपर हाय त्यो. मोर्स न्हाय. मोर्सला काय नेम न्हाय, त्येचा तक्ता बघावाच लागतो. जार्नोचं सगळं नंबरातच असतंय."

मालकांचा विश्वास बसेना. त्यांनी डोळा मारला आणि परीक्षा सुरू केली. "बरं, आठ नंबर आसता तर?"

"तोंड एक इंच. लांबी चार."

"सोळा?"

"दोन इंच, लांबी आठ. म्हशीवाले, माजी भाकर गार व्हायलीय."

"वीस?"

"अडीच इंच, लांबी धा. वीस नंबर तू बापजल्मात बघनार न्हाईस, कशाला विचारायलास?"

वहिनी मघापासून म्हशीजवळ उभ्या होत्या. हातात खडू होता, धाकट्या पोराचा अभ्यास घेता घेता उठून आलेल्या. त्यांनी म्हशीच्या अंगावरच आकडे लिहिले होते. आठ, दहा, सोळा, वीस. त्या एकदम म्हणाल्या, "अवं, आठानं भागायलेत त्ये! आन लांबीला नुसतं अर्धं करायलेत."

"कुनाचा आवाज हाय त्यो?" मिस्त्री म्हणाले. "बराबर हाय ताई. आठानं भागलं की तोंडाचे इंच. दोनानं भागलं की लांबीचे इंच. दहानं भागलं की बारीक टोकाचे इंच. पोराटोरांनाबी यावं असं हाय."

मी आठवीत शाळा सुटलेलं पोर तिथंच उभा होतो. आठानं भागायचं म्हटल्यावर मी बोटं मोजायला लागलो. दहा भागिले आठ. एक आणि... एक आणि...

आणि तेवढ्यात मालक ओरडले. खरंच ओरडले, वहिनींच्या हातातला खडू पडला.

"आरं, सूत! आठ सुताचा इंच! दहा नंबर म्हंजी दहा सूत! म्या पैल्याच दिशी म्हनलो व्हतो दहा सूत! पावणं, म्हनलो व्हतो का न्हाय?"

"म्हनले होते, जी."

"मामा, म्हनलो व्हतो का न्हाय?"

मामा नव्हतेच तिथं. मालकांनी त्यांना वेगळा फोन करून विचारलं.

अपूर्णांक माझ्या डोक्यातून एकदम निघून गेला. भागायची गरजच नव्हती. जेवढा नंबर तेवढे सूत, हे तोंड. नंबराचं अर्धं तेवढे इंच, ही लांबी. मला वाटलं, हे सहावीत कुणी असं सांगितलं असतं तर मी आज कुठं असतो? मग वाटलं, असतो तरी इथंच असतो तर बरं.

पण मालक तेवढ्यावर मानणारे नव्हते. "मिस्त्री, आजून एक. मुंडक्याकडच्या स्पिंडलवरबी काईतरी ठोकल्यालं हाय. फोन ठिऊ नगा." स्पिंडल म्हणजे चक जिच्यावर बसतं ती डावीकडची फिरणारी नळी. तिच्याही तोंडाला तसंच निमुळतं भोक असतं. मी चक उतरवलं, स्पिंडलचं तोंड चिंधीनं पुसलं. १२.

"बारा," मी ओरडलो.

"तोंड दीड इंच. लांबी सहा," मिस्त्री म्हणाले. "आता मोजा आन मला जेवू द्या."

मालकांनी पट्टी लावली. बारा सूत, म्हणजे दीड इंच. मी एक तार टोकाशी वाकवून आत घातली आणि निमुळता भाग संपून पायरी लागते ती जागा चाचपली, खूण केली, बाहेर काढून पट्टीवर ठेवली. सहा इंच, आणि नखभर जास्त.

"नखभर जास्त हाय!" मालक आनंदानं म्हणाले.

"खुंट्याला जागा नको व्हय जरा?" मिस्त्री म्हणाले आणि फोन बंद झाला. ते लिलाव हरले होते ते त्या दिवशी भरून निघालं असं मला वाटतं.

आता खुंटा बनवायचा होता, आणि तो मी बनवायचा होता. बाजारात जार्नोचा सेंटर मिळायचा म्हटलं तर पाडवा पुढच्या वर्षीचा धरावा लागला असता. मालकांनी ट्रकचा तुटका ॲक्सल दिला, चिवट पोलाद. त्याचा मी बरोबर दोनशे मिलिमीटरचा तुकडा कापला. हिशेब माझ्या भाषेत केला. तोंडाला दहा सूत, बारीक टोकाला आठ, म्हणजे पाच इंचात पाव इंच कमी व्हायचं. विसाला एक. शंभर मिलिमीटरला पाच, माझ्या दोनशेच्या तुकड्याला दहा. लहान लेथवर तुकडा दोन सेंटरच्या मध्ये धरला आणि तिचा टेलस्टॉक त्याच्या निम्मा, म्हणजे पाच मिलिमीटर, बाजूला सरकवला, म्हणजे पातं सरळ चाललं तरी काम निमुळतं उतरतं. मालक मागं उभे राहून म्हणत होते, "सुतात कर, सुतात." मी आतल्या आत मिलिमीटरमध्ये करत होतो आणि तोंडानं "हो जी, सुतातच" म्हणत होतो.

पुढचं टोक काढलं, ते कडक व्हावं म्हणून तापवून पाणी दिलं, वहिनींकडून परत शेंदूर आणला. ह्या वेळी वहिनी "जपून" म्हणाल्या नाहीत. त्या स्वतःच बघायला आल्या.

शेंदूर फासला. बॅरलमध्ये घातला. तळहातानं एक थाप. पिरगाळला, काढला.

तोंडापासून टोकापर्यंत शेंदूर सारखा पुसला गेला होता. कुठं अंगठी नाही, कुठं डाग नाही.

मग मी तो परत बसवला आणि चाक उलटं फिरवलं. शेवटाला पोचलं आणि 'टक' करून सेंटर हातात आला. मालकांनी माझ्या हातातून घेतला, बसवला, चाक फिरवलं. टक. परत बसवला. टक. वहिनींना दिला. टक. रोलरसाठी आलेल्या मामांनाही करायला दिलं. मामांनी एवढ्या जोरात फिरवलं की सेंटर त्यांच्या पायावर पडता पडता वाचला.

"बास," मालक म्हणाले. "झिजंल."

रोलर कापताना म्हशीनं हूं की चूं केलं नाही. खाचा अशा पडल्या की मामांनी त्यावर बोट फिरवलं आणि बोट कापून घेतलं. रक्त बघून ते खूश झाले. "आता ऊस जातोय कुठं!"

पाडव्याच्या दिवशी आम्ही सगळे रसवंतीवर गेलो. पहिला ग्लास देवीला. दुसरा मालकांना. मालक ग्लास हातात घेऊन आजूबाजूच्या प्रत्येकाला सांगत होते, "पैल्याच दिशी वळखलो. पट्टी लावली, म्हनलो, दहा सूत." मी त्यांच्या मागं उभा राहून मान हलवत होतो. त्यांनी मला ठेवून घेतलंय की नाही हे अजून सांगितलेलं नव्हतं, आणि मला विचारायची हिंमत नव्हती. तिसरा ग्लास माझ्या हातात आला तो मी भीतीनं एका घोटात संपवला.

घरी आलो तर दारात एक पोतं उभं होतं. तांदळाचं. आख्खं. वहिनी म्हणाल्या, "आत घ्या भाऊजी, उंदरं लागतील. किलो किलो आनून माजे पाय दुकले." मी पोतं खांद्यावर घेतलं आणि चुकून देवघरात नेऊन ठेवलं.

तो भात मी अजून खातोय. पोतं किती वेळा बदललं, आता मोजत नाही.

चार नंबरचा सेंटर कोनाड्यातच राहिला. आम्ही एकदा काढायला गेलो तेव्हा बाहेर तीन ट्रक थांबलेले होते आणि तिन्ही ड्रायव्हर आमच्याकडं बघत होते, त्यामुळं नुसता पुसल्यासारखं केलं. त्याच्यापुढं येणाऱ्या नारळांची चटणी वहिनी करतात. परवा एका नव्या ड्रायव्हरनं मालकांना विचारलं, "मालक, ह्या द्येवाचं मूळ ठानं कुठलं?"

मालकांनी जरा विचार केला.

"सोलापूर," ते म्हणाले. "पन हितं त्याला कुटंच बसता येईना, म्हनून कोनाडा दिला."

ड्रायव्हरनं नमस्कार केला आणि ड्रम उतरवायला गेला.